ग्रामसभेचं प्रोसिडिंग : वस्तीचा रस्ता कागदावर कुठून कुठपर्यंत जातो?

वैजापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावात १५ ऑगस्टची ग्रामसभा आठवून पहा. झेंडावंदन झालेलं असतं, मुलांना खाऊ वाटून झालेला असतो, आणि शाळेच्या पटांगणात किंवा ग्रामपंचायतीसमोर चार खुर्च्या मांडून सभा सुरू होते. बौद्ध वस्तीतली पाच-दहा तरुण मुलं मागे उभी असतात. कोणीतरी धीर करून रस्त्याचा विषय काढतो. थोडी गडबड होते, सरपंच "घेऊ, घेऊ" म्हणतात, ग्रामसेवक वहीत काहीतरी लिहून घेतात आणि सभा संपते. मुलांना वाटतं, विषय मांडला, काम झालं.

दोन वर्षांनी रस्ता होतोही. पण तो वस्तीत होत नाही, वस्तीच्या कडेने कुणाच्या तरी मळ्याकडे जातो. तक्रार करायला पंचायत समितीत गेलं की समोरचा अधिकारी एकच प्रश्न विचारतो, "ठरावात काय लिहिलंय?"

हा लेख त्या ठरावाबद्दल आहे. सभेत काय बोललं गेलं हे सहा महिन्यांनी कुणाला नीट आठवत नाही. वहीत जे उतरलं तेवढंच पुढे जातं. म्हणून ते कसं उतरतं, कसं उतरायला हवं आणि उतरल्यावर गावाला ते वाचता कसं येईल, हे आपल्या कार्यकर्त्यांना बारकाईने माहीत असायला हवं.

ती वही नेमकी काय असते

कागदोपत्री तिला इतिवृत्त किंवा कार्यवृत्त म्हणतात. गावात सगळे 'प्रोसिडिंग' किंवा 'ठराव बुक' म्हणतात, आपणही तेच म्हणू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या तारखांच्या आसपास होतात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तिचंही प्रोसिडिंग असतं. इतिवृत्त लिहिण्याचं काम ग्रामपंचायतीच्या सचिवाचं, म्हणजे ग्रामसेवकाचं. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. ते हजर नसतील तर शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका यांच्यासारख्या कर्मचाऱ्याला ते काम सांगता येतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचं ठराव बुक वेगळं आणि ग्रामसभेचं वेगळं. मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य असतात. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार असतो. तुम्ही ग्रामसभेत मांडलेला विषय कधी कधी मासिक सभेच्या वहीत वेगळ्याच शब्दांत लिहिलेला सापडतो आणि ग्रामसभेच्या वहीत त्याचा उल्लेखही नसतो. म्हणून ठराव मागताना "ग्रामसभेचा ठराव, अमुक तारखेचा" असं स्पष्ट म्हणायचं.

सभेला गणपूर्ती लागते, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी. गावात १,८०० मतदार असतील तर १५ टक्के २७० होतात, पण १०० पुरे. ५०० मतदारांच्या लहान गावाला ७५ लागतात. तेवढे लोक नसतील तर सभा तहकूब होते आणि त्याच विषयांवर पुन्हा घेतलेल्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गर्दीची सभा तहकूब करायची आणि नंतर वीस माणसांत हवे ते ठराव करून घ्यायचे, ही जुनी पद्धत आहे. तहकूब सभेची तारीख कोणती, तिची सूचना कधी दिली आणि विषय तेच होते का, हे प्रोसिडिंगच्या पहिल्या चार ओळींत दिसलं पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचा उल्लेख केला होता. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी तिथे सांगितलं. विनयात संघापुढे प्रस्ताव मांडण्याला 'ञत्ति' म्हणतात. महत्त्वाच्या कामात प्रस्तावानंतर तो तीन वेळा ऐकवला जातो आणि कुणी हरकत घेतली नाही तरच तो मान्य धरला जातो. आपल्याकडे मात्र ठराव एकदाही मोठ्याने वाचला जात नाही आणि तरी तो 'सर्वानुमते' होतो.

एक ठराव, दोन पद्धतीने लिहिलेला

आता उदाहरण घेऊ. गाव कल्पित आहे, पण अशी भाषा तुम्हाला कोणत्याही वहीत सापडेल.

बौद्ध वस्तीतल्या लोकांची मागणी आहे की विहारापासून जिल्हा परिषद शाळेपर्यंतचा कच्चा रस्ता सिमेंटचा व्हावा. निधी 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' या योजनेतून हवा. गावात या योजनेला अजूनही दलित वस्ती सुधार योजना म्हणतात. सभेत अर्धा तास चर्चा झाली. वहीत उतरलं ते असं :

"विषय क्र. ४ – दलित वस्तीमध्ये विकास कामे करणेबाबत. सदरील विषयावर सविस्तर चर्चा होऊन दलित वस्तीमध्ये रस्त्याचे काम करणेस ही सभा सर्वानुमते तत्त्वतः मंजुरी देत आहे. पुढील योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. बास.

वरवर पाहता विषय मंजूर झाला. पण या तीन वाक्यांत कोणती वस्ती ते नाही. गावात बौद्ध वस्ती आहे, मातंग वस्ती आहे, शिवाय शेतात चार घरं आहेत. रस्ता कुठून कुठपर्यंत ते नाही. किती लांब ते नाही. कोणत्या योजनेतून ते नाही. 'तत्त्वतः मंजुरी' याचा अर्थ कल्पना पटली एवढाच. पैसे कुठून आणि कधी, हे ठरलंच नाही. 'योग्य ती कार्यवाही' कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार? कोणीच नाही, कधीच नाही. आणि 'सविस्तर चर्चा' झाली म्हणून लिहिलंय, पण कुणी काय म्हटलं त्याचा एक शब्द नाही.

अशा ठरावाच्या आधारावर वस्तीच्या बाहेरचा रस्ता केला तरी तो ठरावाच्या विरोधात जात नाही. गोम इथेच आहे. फसवणूक करायला खोटं लिहावं लागत नाही, मोघम लिहिलं तरी भागतं.

आता तीच चर्चा साध्या मराठीत आणि पुरेशी लिहिली तर :

"ठराव क्र. ४. विषय : बौद्ध वस्तीतील रस्ता व गटार.

मागणी : बौद्ध वस्तीतील रहिवाशांचा लेखी अर्ज आला आहे (आवक क्रमांक व तारीख). विहार ते जिल्हा परिषद शाळा या कच्च्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी साचते. शाळेत जाणाऱ्या मुलांना व म्हाताऱ्या माणसांना चालता येत नाही.

चर्चा : दोन महिला सदस्यांनी सांगितले की आधी गटार करावे, नाहीतर रस्त्याची उंची वाढल्यावर पाणी घरांत शिरेल. एका सदस्याने हा निधी गावठाणातील मुख्य रस्त्यासाठी वापरावा असे सुचविले. ही योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीसाठीच आहे, हा निधी दुसरीकडे वापरता येत नाही, असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगितले.

निर्णय : विहाराच्या पूर्वेकडील दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत अंदाजे १२० मीटर लांब व ३ मीटर रुंद सिमेंट काँक्रीट रस्ता आणि त्याच्या उत्तर बाजूने गटार करावे. गटार आधी, रस्ता नंतर. काम वरील वस्ती विकास योजनेतून घ्यावे.

मतदान : हात वर करून. बाजूने ९४, विरोधात ११, तटस्थ ७. ठराव बहुमताने मंजूर.

जबाबदारी : प्रस्ताव ३० सप्टेंबरपर्यंत पंचायत समितीत देणे – ग्रामपंचायत अधिकारी. पोच पुढील ग्रामसभेत दाखविणे."

हे लिहायला वहीचं जेमतेम एक पान लागतं. पण प्रत्येक ओळ पुढे उपयोगी पडते. 'विहाराच्या पूर्वेकडील दारापासून' ही जागा बदलत नाही. 'अमक्याच्या घरापासून' असं लिहिलं तर घर विकलं जातं, त्या नावाची गावात तीन माणसं असतात. पक्की खूण हवी : विहार, शाळा, विहीर, पाण्याची टाकी. आणखी पक्कं करायचं तर जमिनीचा गट नंबर, किंवा घराचा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधला मिळकत क्रमांक लिहावा.

विरोधी मत लिहिण्याबद्दल कार्यकर्ते कधी कधी कुरकुरतात. "आपल्याविरुद्ध बोललेलं कशाला लिहून ठेवायचं?" माझं मत उलट आहे. निधी दुसरीकडे न्यावा असं कुणी म्हटलं आणि तो नेता येत नाही असं ग्रामसेवकांनी सांगितलं, हे दोन्ही वहीत असेल तर पुढे तोच निधी वळवताना 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. शिवाय ११ जण विरोधात असताना 'सर्वानुमते' लिहिणं हे चुकीचंच आहे, भले ते आपल्या बाजूने असो.

१२० मीटर हा आकडा अंदाजे आहे हेही मुद्दाम लिहिलं आहे. खरी लांबी अभियंता मोजून ठरवतो. ग्रामसभेने सुरुवात आणि शेवट पक्का केला म्हणजे झालं.

हा कागद पुढे कुठे जातो

हा ठराव प्रस्तावाला जोडला जातो. गावाच्या वस्त्यांसाठी या योजनेचा पाच वर्षांचा बृहत आराखडा असतो, त्यात काम असावं लागतं. मग अभियंता अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मान्यता मिळते, जिल्हा परिषदेकडून प्रशासकीय मान्यता येते, कार्यारंभ आदेश निघतो. काम झालं की अभियंता जागेवर मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्यावरून बिल निघतं.

एवढ्या साखळीत वस्तीच्या माणसाला तपासता येण्यासारखी गोष्ट एकच : कामाचं नाव. ठरावात 'विहार ते शाळा' आहे, अंदाजपत्रकात 'दलित वस्तीत रस्ता' झालं का? कार्यारंभ आदेशात आणखी काही वेगळं? मोजमाप पुस्तिकेत लांबी १२० मीटरच आहे, पण सुरुवात कुठून धरली आहे? जिथे शब्द बदलले तिथे रस्ता वळला असं समजा. आणि हे ताडून पाहायला पहिला कागद, म्हणजे ठराव, नेमका असावा लागतो. पहिलाच कागद मोघम असेल तर पुढचे सगळे त्याच्याशी जुळतात.

वस्तीच्या नावाचाही इथे संबंध येतो. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं पुढे आली. चांगलं झालं. पण नाव बदलल्यावर नव्या ठरावांत काही वर्षं 'भीम नगर (जुन्या नोंदीतील बौद्ध वस्ती)' असं दोन्ही लिहावं. नाहीतर दहा वर्षांपूर्वीचा ठराव आणि आजची वस्ती एकच आहे हे सिद्ध करायला पुन्हा दाखले गोळा करत फिरावं लागतं.

वही बघताना काय बघायचं

प्रोसिडिंग बुक हातात आलं की आधी मजकूर वाचू नका. आधी पानांचे क्रमांक बघा. वही बांधलेली असावी, पानांना सुरुवातीलाच क्रमांक घातलेले असावेत. सुट्या कागदावर लिहून नंतर चिकटवलेलं असेल तर ती पहिली धोक्याची खूण.

मग ठरावांचे क्रमांक. ४ नंतर ५ यावा. ४ नंतर '४ अ' आला, किंवा शेवटच्या ठरावाची अक्षरं एकाएकी बारीक आणि दाटीवाटीची झाली, ओळी सहीच्या अगदी अंगाला भिडल्या, तर तो ठराव सह्या झाल्यावर घुसवलेला असण्याची शक्यता आहे. अध्यक्षांची सही आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली असेल तर तिथे उद्या काहीही लिहिलं जाऊ शकतं. म्हणून सभा संपताच शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून तिथेच सही व्हावी, असा आग्रह धरा.

तारखांत विसंगती शोधा. १५ ऑगस्टच्या ठरावात डिसेंबरमध्ये आलेल्या अंदाजपत्रकाचा पै-पैशासकट आकडा असेल तर तो ठराव १५ ऑगस्टला लिहिलेला नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

'आयत्या वेळचे विषय' हा भाग दोनदा वाचा. सभेच्या नोटिशीत विषय दिलेले असतात आणि नियमित सभेची नोटीस किमान सात दिवस आधी द्यायची असते, ती याचसाठी की लोकांनी तयारीने यावं. अचानक आलेल्या अडचणीसाठी आयत्या वेळचा विषय ठीक आहे. पण जमीन, मोठा खर्च, लाभार्थ्यांची यादी हे आयत्या वेळी आलं असेल तर का, ते विचारा.

आणि हजेरी. हजेरीचं रजिस्टर वेगळं असतं. सभेनंतर शिपाई घरोघरी फिरून सह्या-अंगठे घेतो, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. सहीला मागितलेल्या कागदाच्या वरच्या बाजूला सभेची तारीख आणि 'हजेरी' हा शब्द छापलेला किंवा लिहिलेला नसेल तर सही करू नका. घरातल्या आई-आजीला हे आवर्जून सांगा, कारण अंगठा बहुतेक त्यांचाच घेतला जातो.

हे सगळं दिसलं तरी लगेच 'बोगस' म्हणून आरडाओरडा करू नका. काही ग्रामसेवकांकडे दोन-तीन गावं असतात. ते सभेत कच्च्या कागदावर लिहितात आणि रात्री वहीत उतरवतात, त्यातून गाळलेल्या ओळी राहतात. चूक आणि लबाडी यांतला फरक पुढच्या सभेत कळतो.

कारण प्रत्येक ग्रामसभेचा पहिला विषय असतो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. बहुतेक गावांत हा विषय "वाचलं, कायम" असं म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतात. तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे. एकाने उठून शांतपणे म्हणायचं, "भाऊसाहेब, ठराव क्रमांक चार मोठ्याने वाचून दाखवा." चुकीचं उतरलं असेल तर तिथेच लेखी हरकत द्यायची, तिची पोच घ्यायची आणि ती आजच्या प्रोसिडिंगमध्ये नवी नोंद म्हणून लिहून घ्यायची. जुन्या पानावर खाडाखोड करायला सांगू नका. ती पुढे तुमच्यावरच उलटते.

यासाठी सभेला जाणाऱ्यांपैकी एकाने स्वतःची टिपणवही ठेवावी. कुणी काय मागितलं, ठरावाचे शब्द काय होते, हात किती वर गेले. ही वही म्हणजे इतिवृत्त नाही आणि तसा दावाही करू नये. अधिकृत नोंद सचिवाचीच. पण जुळवून पाहायला आपल्याजवळ काहीतरी लागतं, आणि त्याच दिवशी लिहिलेलं टिपण आठवणीपेक्षा कितीतरी भरवशाचं.

भिंतीवर लावायची प्रत

प्रोसिडिंग कपाटात असतं, कपाटाची किल्ली कुणाकडे तरी असते. गावाने ते वाचायचं तर ते भिंतीवर यायला हवं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक कार्यालयाने आपल्याकडची माहिती आपणहून, स्थानिक भाषेत आणि सूचना फलकासारख्या साध्या मार्गाने लोकांपर्यंत पोहोचवावी असं म्हटलं आहे. मंडळांच्या आणि समित्यांच्या सभांची इतिवृत्तं लोकांना पाहता येतात की नाही, हेसुद्धा जाहीर करायचं आहे. तेव्हा "प्रत फलकावर लावा" ही मागणी कुणाची मेहेरबानी नाही.

वहीतली पानं झेरॉक्स करून लावली तर कुणी वाचत नाही. अक्षर लागत नाही आणि 'सदरील', 'उपरोक्त', 'करणेकामी' यांत अर्थ हरवतो. फलकासाठी वेगळी प्रत करावी. एका मोठ्या कागदावर, ठळक अक्षरात, प्रत्येक ठरावाला तीन-चार ओळी : काय ठरलं, कुठे, पैसे कोणत्या योजनेतून, कोण करणार, कधीपर्यंत. प्रत्येक ठरावाच्या शेवटी मूळ वहीचा ठराव क्रमांक आणि पान क्रमांक. हा शेवटचा भाग विसरला तर फलक नुसती जाहिरात होते. पान क्रमांक असला की वाचणारा मूळ वहीपर्यंत पोहोचतो. खाली सचिवाची सही, लावल्याची तारीख. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक रेशन दुकानाजवळ आणि एक विहारात.

भाषा साधी म्हणजे अघळपघळ नव्हे. ठराव, अंदाजपत्रक, गट नंबर हे शब्द गावाला माहीत आहेत, ते राहू द्या. पण "पाणीपुरवठ्याबाबत तक्रार प्राप्त झाली" याऐवजी "बौद्ध वस्तीच्या नळाला आठ दिवसांतून एकदाच पाणी येते, अशी तक्रार महिलांनी केली" असं लिहा. बाई जे बोलली ते तिला भिंतीवर ओळखू आलं पाहिजे.

सगळंच भिंतीवर लावायचं नसतं, हेही सांगतो. घरकुलाच्या लाभार्थ्यांची नावं लावायलाच हवीत, पण आधार क्रमांक, बँक खातं, आजारपण, घरगुती भांडण किंवा अत्याचाराच्या तक्रारीतल्या पीडितेची ओळख फलकावर येता कामा नये. यादीची झेरॉक्स तशीच चिकटवल्यामुळे खातं क्रमांक गावभर होतात. त्याची जबाबदारी लावणाऱ्यावर येते.

वही दाखवत नसतील तर

आधी तोंडी मागा, मग साध्या अर्जाने मागा. नाहीच दिली तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत लागतो, फी १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला पुराव्यासह फी माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मजकूर एवढा पुरतो :

"दिनांक १५ ऑगस्ट रोजी झालेल्या ग्रामसभेबाबत पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : सभेची नोटीस, हजेरी रजिस्टरची पाने, इतिवृत्ताची पहिल्या ठरावापासून अध्यक्षांच्या सहीपर्यंतची सर्व पाने, आणि ठराव क्र. ४ वरून पंचायत समितीस पाठविलेल्या प्रस्तावाची पोच. तसेच मूळ इतिवृत्त वहीचे निरीक्षण करू द्यावे."

वर्ष घालायला विसरू नका. 'ठराव का राबवला नाही' असे प्रश्न अर्जात घालू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नसतं. कागद मागा. आणि निरीक्षणाची ओळ ठेवाच, कारण चिकटवलेलं पान झेरॉक्समध्ये दिसत नाही, वही हातात घेतल्यावरच दिसतं. ३० दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं. ठरावच बदलला असल्याची खात्री झाली तर तक्रार गटविकास अधिकारी, पंचायत समिती, वैजापूर यांच्याकडे आणि तिथे दाद लागली नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. तक्रारीला मिळालेल्या प्रती आणि आपल्या टिपणाची झेरॉक्स जोडा.

ठराव झाला म्हणजे निधी आला असं मात्र नाही. आराखड्यात काम नसेल, जागा खासगी असेल, तर चांगला लिहिलेला ठरावही अडतो. जमिनीचा हक्क ग्रामसभेच्या ठरावाने मिळत नाही. गायरानाच्या किंवा स्मशानभूमीच्या जागेचा निर्णय महसूल खात्याकडे असतो. तिथे जुनी प्रोसिडिंग पुरावा म्हणून मदत करतात, एवढंच. पण तेवढंही कमी नाही.

नीट नोंद काय करू शकते हे ओडिशातल्या नियमगिरीत दिसलं. बॉक्साइटच्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांचं म्हणणं विचारात घ्यायला सांगितलं. त्या वर्षी रायगडा आणि कालाहंडी जिल्ह्यांतल्या १२ गावांत सभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश दर्जाचे निरीक्षक हजर होते. डोंगरिया कोंध आणि इतर गावकऱ्यांनी आपल्या शब्दांत नकार दिला आणि तो जागेवरच नोंदवला गेला. बाराही गावांनी नकार दिला. पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. तिथे न्यायाधीश होते, आपल्या सभेला नसतात. म्हणून आपल्याकडे मोठ्याने वाचून दाखवलेला ठराव आणि रेघ मारून केलेली सही यांवरच भिस्त ठेवावी लागते.

एक शेवटचं काम आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रामसेवकाची बदली झाली की नव्याला चार्ज दिला जातो आणि त्याची यादी होते. जुनी ठराव बुकं हरवतात ती नेमकी याच वेळी. बदलीची बातमी कळली की सरपंचांकडे एक अर्ज द्या : ग्रामसभेची आणि महिला सभेची किती बुकं आहेत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतची, प्रत्येकाची शेवटची पान संख्या किती, हे चार्ज यादीत लिहावं. यादीची प्रत मागून घ्या आणि आपल्या टिपणवहीत ठेवा.